मूल जमिनीवर बसून राहते तेव्हा : डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या नागपुरातील पालकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील शाळांत शिकणाऱ्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलामुलींचे पालक

विषय : ‘मूल जमिनीवर बसून राहते, उठत नाही’ ही शाळेची तक्रार आणि त्या अनुषंगाने पालकांनी ठरवायची उद्दिष्टे

सस्नेह नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे आणि सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसोबत माझे बरेचसे काम चालते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा आला की पालक शाळेची डायरी घेऊन भेटायला येऊ लागतात. मधली सुट्टी संपली तरी वर्गात येत नाही, व्हरांड्यात बसकण मारतो, उठवायला गेले की अंग सैल सोडून देतो, असे त्या डायरीत लिहिलेले असते, आणि हे कधी थांबेल हा आईवडिलांचा प्रश्न असतो. या पत्रात मी त्या एकाच वागण्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा ज्या रीतीने करावा लागतो ती रीत याच वागण्यावर सर्वांत नीट दाखवता येते, आणि कोणते उद्दिष्ट ठेवावे व कोणते ठेवू नये हेही त्यातूनच कळते.

आधी मुलाच्या शरीराबद्दल. आपल्या मुलांचे स्नायू जन्मतःच सैल असतात आणि सांध्यांना धरून ठेवणारे बंधही ढिले असतात. त्यामुळे अंग सोडून देणे त्यांना सहज जमते आणि तशा मुलाला उचलणे मोठ्या माणसालाही अवघड जाते. मग कोणी तरी दोन्ही हात धरून ओढते, काखेत हात घालून वर खेचते. हे अजिबात होऊ देऊ नका. खांदा किंवा कोपर निखळण्याचा धोका आहेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मानेची आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा ढिला असतो आणि झटका बसल्यास मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मूल मान दुखते म्हणू लागले, मान एका बाजूला कलती धरू लागले, चालताना पूर्वी नसलेला अडखळेपणा आला, हातांची पकड कमी झाली किंवा कपड्यांत लघवी होण्याचे बंद झालेले पुन्हा सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि आपल्या मुलाला कोणीही हात धरून ओढू नये, हे वर्गशिक्षिकेला तोंडी सांगून थांबू नका, मुख्याध्यापकांना लेखी द्या.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. या मुलांच्या कानाची वाट अरुंद असते आणि पडद्यामागे चिकट द्रव साचण्याचे प्रमाण पुष्कळ असते. तो कधी साचतो, कधी निचरतो, म्हणून मूल सोमवारी ऐकते आणि गुरुवारी ऐकत नाही. घरातल्या शांततेत आईची हाक त्याला ऐकू येते, पण शंभर मुलांच्या गोंगाटात बाईंचा आवाज पोहोचत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा मनात आले तरच ऐकतो. शाळेच्या सर्व वर्षांत दरवर्षी एकदा श्रवणतपासणी आणि एकदा रक्तातील टीएसएचची म्हणजे थायरॉइडची तपासणी झालीच पाहिजे, कारण मंदावलेले थायरॉइड आळसासारखे किंवा नाखुशीसारखे दिसते. झोपेकडेही लक्ष द्या. मूल घोरत असेल, बसून किंवा पुढे वाकून झोपत असेल, रात्री घामाघूम होत असेल, तर झोपेत त्याचा श्वास अडखळत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि रात्रभर अशी झोप झालेले मूल दुपारी व्हरांड्यात बसून राहिले तर त्यात नवल नाही. मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहेत. तिथे जाताना डायरीतली तक्रार सोबत न्या आणि डॉक्टरांना वाचून दाखवा.

तिसरी गोष्ट समज आणि बोलणे यांतल्या अंतराची. आपली मुले जितके बोलतात त्याहून खूप अधिक त्यांना समजते, पण कानावर पडलेले शब्द ध्यानात धरून ठेवणे त्यांना जड जाते. उलट डोळ्यांनी पाहिलेले त्यांच्या मनात चांगले टिकते. बाई एका दमात म्हणतात, ‘चला, डबा बंद करा, हात धुवा, पाणी प्या आणि गणिताची वही काढून बसा.’ इतर मुले उठतात. आपल्या मुलाकडे त्यातला एखादाच तुकडा उरतो, आणि तो पाळायला निघेपर्यंत सूचना पुन्हा सुरू होते, या वेळी वरच्या आवाजात. पुढे काय करायचे ते उमगत नाही आणि विचारायला शब्द सापडत नाहीत, तेव्हा आहे तिथे बसून राहणे हाच एक खात्रीचा मार्ग त्याच्यापाशी असतो.

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा 9 वर्षांचा, तिसरीत. शाळेने त्याच्या आईला सांगितले की तो रोज बसतो. आम्ही प्रथम दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवली. कागदावर चार रकाने आखले : वेळ व ठिकाण, आधी काय घडले, त्याने काय केले, त्यानंतर मोठ्यांनी काय केले. नोंद वर्गशिक्षिकेने आणि शाळेतल्या मावशींनी मिळून ठेवली, प्रत्येक वेळी दोन ओळी, त्याहून जास्त नाही.

त्या कागदाने बरेच सांगितले. तो रोज बसत नव्हता. ज्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर चित्रकलेचा तास असे त्या दिवशी तो इतरांबरोबर वर्गात येई, आणि बसत असे ते गणिताच्या दिवशी. पावसामुळे सुट्टी सभागृहात झाली, जिथे आवाज घुमतो, त्या दिवशी तो हमखास बसे. पण सर्वांत बोलका होता चौथा रकाना. तो बसला की आधी मावशी येऊन ‘चल रे राजा’ म्हणत गोंजारत, मग वरच्या वर्गातल्या मुली भोवती जमत, मग शेजारच्या वर्गाच्या बाई येत आणि शेवटी त्याला कार्यालयात नेऊन बिस्किट दिले जाई. तोवर तास जवळजवळ संपलेला असे. म्हणजे बसल्यामुळे त्याला अवघड गणितातून सुटका मिळत होती आणि एरवी दिवसभर न मिळणारे माणसांचे लक्षही मिळत होते. यात कोणाचीच वाईट बुद्धी नव्हती, मावशींची तर मुळीच नाही.

कानाच्या तपासणीत दोन्ही पडद्यांमागे द्रव निघाला. त्याचे उपचार सुरू झाले आणि बसण्याची जागा पहिल्या बाकावर, बाईंच्या समोर आली. घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे मावशी त्याला एक पुठ्ठ्याचे कार्ड दाखवू लागल्या. त्यावर तीन चित्रे होती : बंद केलेला डबा, नळाखाली हात, वर्गाचे दार. वर्गात जाण्याला काही तरी कारण हवे म्हणून खडूचा डबा शिक्षकखोलीतून वर्गात नेऊन बाईंच्या हाती देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले, त्यामुळे जे लक्ष त्याला बसून मिळत होते ते आता पोहोचल्यावर मिळू लागले. गणिताच्या तासाची सुरुवात त्याला एकट्याने येणाऱ्या कामाने, म्हणजे अंकांच्या जोड्या लावण्याने करायची, मग दहा मिनिटे नवे काम आणि तिथे थांबायचे, असे ठरले. तरीही तो बसलाच तर एकाच मोठ्या माणसाने जवळ राहायचे, दोन पावले अंतरावर, एकदा ‘वर्गात चल’ म्हणून कार्डाकडे बोट दाखवायचे आणि गप्प राहायचे. सूचना पोहोचून पाय हलायला या मुलांना काही सेकंद जास्त लागतात, आणि मध्येच पुन्हा बोलले की तो वेळ नव्याने सुरू होतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. भोवती गर्दी नको, कार्यालय नको, बिस्किट नको.

उद्दिष्ट आम्ही असे लिहिले : ‘सहा आठवड्यांनंतर, मधली सुट्टी संपताना कार्ड दाखवल्यावर, तो आठवड्यातले निदान तीन दिवस पाच मिनिटांच्या आत स्वतःच्या पायांनी वर्गात पोहोचेल.’ आईला तीन दिवस फार कमी वाटले. पण नोंदीप्रमाणे त्या वेळी तो आठवड्यातून जेमतेम एक-दोनदा पोहोचत होता, म्हणून तीन दिवस हीच खरी पुढची पायरी होती.

उद्दिष्टाच्या या एका वाक्याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. पालकांच्या मनातले उद्दिष्ट ‘हट्ट करणार नाही, बसून राहणार नाही, रडणार नाही’ असे असते. गप्प राहणे, न रडणे, न ओरडणे ही उद्दिष्टे झोपलेले मूलही पूर्ण करते, त्यातून त्याला काय शिकवायचे हे शिक्षिकेला कळत नाही. काय करू नये याच्या जागी काय करेल ते लिहावे. ते डोळ्यांना दिसणारे असावे, म्हणजे दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहिले तरी ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ यावर त्यांचे एकमत होईल. त्यात आजची मोजलेली स्थिती आणि तिच्यापासून एकच पाऊल पुढची स्थिती असावी. आणि मोठ्यांनी काय करायचे तेही त्याच कागदावर असावे. या आईच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या : घरात जेवणापासून झोपेपर्यंत तशाच चित्रांचे कार्ड वापरणे, आणि संध्याकाळी ‘आज का बसलास?’ असे न विचारणे. दुपारी घडलेल्या गोष्टीचा संध्याकाळच्या रागावण्याशी संबंध तो जोडू शकत नाही. त्याला एवढेच समजते की आई घरी आल्यावर रागावते. एका वेळी एकच वागणे हाती घ्यावे हेही आग्रहाने सांगते, कारण तीन उद्दिष्टे एकदम घेतलेल्या घरात सहा आठवड्यांनी एकाचीही नोंद सापडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रकार वाढला. तो बसण्याऐवजी आडवा झाला, बूट फेकले. ज्या वागण्याला आजवर फळ मिळत होते ते मिळेनासे झाले की मूल आधी तेच जास्त जोराने करून पाहते, आणि बहुतेक शाळा नेमक्या याच आठवड्यात योजना सोडून देतात. तेव्हा बिस्किट दिले तर मुलाला हेच शिकायला मिळते की बूट फेकण्यापर्यंत जावे लागते. शाळेला हे आधी सांगून ठेवलेले असेल तरच ती टिकते. तिसऱ्या आठवड्यात जोर ओसरला आणि सहाव्याअखेर तो चार दिवस वेळेवर पोहोचू लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा बसला, पण या वेळी आठवड्याभरात सावरला. स्नेहसंमेलनाच्या तालमींच्या दिवसांत, जेव्हा वेळापत्रक रोज बदलत होते, तेव्हा त्याला अजिबात जमले नाही. ही त्या उद्दिष्टाची मर्यादा आहे आणि मी ती अपयश मानत नाही.

याच वागण्याचे एक हसरे रूपही असते आणि त्याची तक्रार डायरीत कधी येत नाही. काम अवघड वाटले की मूल बाईंच्या गळ्यात पडते, नाचून दाखवते, ‘मॅडम छान’ म्हणते आणि सगळा वर्ग हसतो. एडिनबरो विद्यापीठातील जेनिफर विशार्ट यांच्या अभ्यासांतून हे चांगले पुढे आले आहे : डाउन सिंड्रोम असलेली मुले काम टाळण्यासाठी आपले माणसांतले कौशल्य वापरतात आणि शिकण्याच्या संधी त्यामुळे हातून जातात. गोड वाटते म्हणून हे सोडून देऊ नका. चार रकान्यांच्या कागदावर त्याचीही नोंद करा, कारण पाच वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाला मारलेली मिठी आणि पंधरा वर्षांच्या मुलाने मारलेली मिठी यांकडे जग वेगळ्या नजरेने पाहते. घरच्यांव्यतिरिक्त सर्वांना नमस्कार किंवा हात मिळवणे हे पहिलीपासूनच शिकवावे. तेराव्या वर्षी नियम बदलला तर ते त्याच्यासाठी फार अन्यायाचे होते.

साधारण पाचवीनंतर प्रश्नाचा पोत बदलतो. आपण इतरांसारखे नाही, धाकटा भाऊ सायकलने एकटा शिकवणीला जातो आणि आपण जात नाही, वाढदिवसाला आपल्याला बोलावले गेले नाही, हे मुलाला स्पष्ट कळू लागते. सांगायला शब्द मात्र तेवढे नसतात. सातवीतली एक मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेच्या फाटकाशी बसून राहू लागली. पूर्वी ती कधीही बसत नसे. चार रकान्यांच्या कागदातून शाळेतले काहीच कारण निघाले नाही. कारण फाटकाच्या बाहेर होते : पहिलीपासून तिला नेणारे-आणणारे ऑटोवाले काका उन्हाळ्यात वारले होते, नवा ऑटो ठरला होता, आणि तिला दुःख होईल म्हणून घरात कोणीच काही सांगितले नव्हते. ती काकांची वाट पाहत बसे. न्हाणीघरात ती त्यांच्याशी मोठ्याने बोलते हे ऐकून आई घाबरली होती.

या मुलीसाठी बक्षीस, कार्ड, खडूचा डबा यांचा काही उपयोग नव्हता. आईने तिला काकांचा फोटो दाखवून साध्या शब्दांत सांगितले की काका मरण पावले, ते आता येणार नाहीत, आणि आपल्याला त्यांची आठवण येते. ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’ असे शब्द टाळायला मी सांगितले, कारण आपली मुले शब्द जसाच्या तसा घेतात आणि परत येण्याची वाट पाहतात. तिला काकांच्या घरी नेले, तिने काकूंना स्वतः केलेले चित्र दिले. ती रडली, आणि ते रडणे आवश्यक होते. फाटकाशी बसणे काही आठवड्यांत कमी झाले. तिच्या बाबतीत पालकांचे उद्दिष्ट वेळेवर वर्गात पोहोचण्याचे नव्हतेच. ‘दिवसातून एकदा चेहऱ्यांच्या चित्रांतून आज मला कसे वाटते ते दाखवेल’, एवढेच होते.

स्वतःशी मोठ्याने बोलणे डाउन सिंड्रोममध्ये अगदी सर्रास दिसते आणि ते वेडाचे लक्षण नाही. दिवसभरात घडलेले पुन्हा जुळवून पाहण्याची ती रीत आहे. ते खोलीत करावे, बसमध्ये नाही, एवढे शिकवले तरी पुरे. काळजी कधी करायची तेही सांगते : त्या बोलण्याचा सूर बदलून स्वतःला दोष देणारा किंवा रागाचा झाला, आवडती कामे सुटली, जेवण आणि झोप बिघडली, येत असलेल्या गोष्टी, कपडे घालणे किंवा बोलणे, मागे पडू लागल्या, तर ‘वयात येतेय’ म्हणून थांबू नये. थायरॉइड, झोपेतला श्वास, कान आणि डोळे पुन्हा तपासावेत आणि नैराश्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. किशोरवयात क्वचित काही मुलांची कौशल्ये थोड्या आठवड्यांतच झपाट्याने ओसरतात. तो स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर उपचार करून पाहता येतात, म्हणून तिथे एक महिनाही दवडू नये.

दहावी होईल का, असे आपण विचारता. काहींची होते, अनेकांची होत नाही, आणि मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय मंडळाचा मार्ग काहींना जास्त मानवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिकण्याचा हक्क आहे, त्यामुळे बसून राहतो म्हणून घरी ठेवा असे शाळा सांगू शकत नाही. पण आठवीत असताना उद्दिष्ट ठरवायचे तर माझे मत असे आहे की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून यादीतल्या तीन वस्तू आणून उरलेले पैसे परत देणे, हे इतिहासाच्या एका धड्यापेक्षा त्याच्या पुढच्या आयुष्यात अधिक दिवस कामी येईल.

शेवटी एक जवळची तारीख. उन्ह वाढले की आपल्याकडे सकाळची शाळा सुरू होते, आणि ज्या मुलांचा दिवस ठरलेल्या क्रमावर चालतो त्यांच्यासाठी तो एका रात्रीत उलटतो. पहिल्या दोन आठवड्यांत जमिनीवर बसणे हमखास परत येते. नेमकी तारीख शाळेकडून फेब्रुवारीतच विचारून घ्या. त्याआधी दहा दिवसांपासून झोपण्याची आणि उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणा. कार्डावरची चित्रे नव्या क्रमाने लावून रात्री दाखवा. आणि चालू उद्दिष्टाच्या कागदावर वर्गशिक्षिकेसमोर लिहा की पहिले दोन आठवडे तीन दिवसांऐवजी एकच दिवस अपेक्षित आहे, तिसऱ्या सोमवारपासून पुन्हा तीन. दोघांनी त्याखाली सही करा आणि एक प्रत मावशींना द्या, कारण घंटा होते तेव्हा मुलाजवळ त्याच असतात.

आपली,
एक विशेष शिक्षिका
नागपूर